ईमेलात १४ मिनिटं, पडद्यावर १५: लघुपटाची प्रवेशिका परत येते तेव्हा

गणपतीत मुंबईहून पोरं गावाला येतात, दहा दिवसांत कॅमेरा घेऊन काहीतरी शूट करतात, दिवाळीपर्यंत माझ्या टेबलावर त्याचं एडिटिंग होतं आणि मग फेस्टिवलना ईमेल जायला लागतात. मालवणात माझं छोटं एडिटिंगचं दुकान आहे, त्यामुळे लघुपट परत आला की तो आधी माझ्याकडे येतो. गेल्या काही वर्षांत एक तक्रार इतक्या वेळा ऐकली की आता फोन वाजला की मीच विचारतो, "मिनटा वाढली?"

तक्रार अशी. सोबतच्या ईमेलात कालावधी लिहिलेला असतो १४ मिनिटं. फॉर्मवर १५. लिंक उघडली की प्लेयर साडेचौदा दाखवतो. आणि चित्रपटगृहात दाखवायची डिजिटल प्रत, म्हणजे डीसीपी, तयार झाली की तीच फिल्म १५ मिनिटं ६ सेकंदांची निघते. फेस्टिवलची मर्यादा असते १५ मिनिटांची. मग दोन ओळींचं उत्तर येतं: नोंदवलेला कालावधी आणि प्रत जुळत नाही, खुलासा करा.

यंदा हे माझ्या मावसभावाच्या बाबतीत घडलं. त्याच्या लघुपटाचं नाव "पलतडीची हाक". खाडीवर पूल झाल्यावरही तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवत राहिलेल्या तारीची गोष्ट. निवड झाली, घरात पेढे वाटून झाले, आणि आठवड्याने ते दोन ओळींचं उत्तर आलं. तो मोटारसायकल काढून थेट दुकानात.

"दादा, पिक्चर तोच असा ना? मगे मिनटा कशी वाढली?"

त्याने पाठवलेला मूळ ईमेल मी वाचायला मागितला. तो असा होता:

> नमस्कार सर, आमचा लघुपट "पलतडीची हाक" पाठवत आहे. कालावधी सुमारे १४ मिनिटे. माणुसकीचा शोध घेणारी ही हृदयस्पर्शी कथा कोकणच्या निसर्गरम्य पार्श्वभूमीवर घडते. फुल एचडीमध्ये शूट केला आहे. लिंक खाली दिली आहे. कृपया विचार व्हावा.

यातला "सुमारे" हा शब्द आधी पकडा. फेस्टिवलवाले एका सत्रात पाच-सहा लघुपट बसवतात, त्यांना सेकंद लागतात. पण खरा घोटाळा ईमेलात जे लिहिलेलं आहे त्यात नाही, जे लिहिलेलं नाही त्यात आहे. फिल्म सेकंदाला किती फ्रेमची, हे कुठेच नाही.

मिनिटं कुठे वाढली, ते आधी शोधा

कालावधीतला फरक तीनच जागी लपलेला असतो: सुरुवातीला, शेवटी, किंवा सगळीकडे थोडा थोडा पसरलेला. कुठे आहे हे कळायला कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही. आपली फाइल आणि फेस्टिवलने नाकारलेली प्रत शेजारी ठेवा आणि मधला एखादा ठळक क्षण निवडा, ज्यात दार आपटतं, भांडं पडतं असं काहीतरी. तो क्षण दोन्हींत किती वाजता येतो ते बघा. मग फिल्मच्या शेवटाकडचा आणखी एक क्षण घेऊन तेच करा.

दोन्ही क्षण सारख्याच सेकंदांनी पुढे सरकले असतील, तर सुरुवातीला काळी पट्टी, कलर बार किंवा पाटी चिकटलेली आहे. एक्सपोर्ट करताना ती राहून जाते. दोन्ही क्षण जागच्या जागी असून फक्त शेवट लांबला असेल, तर फरक श्रेयनामावलीचा आहे. दिग्दर्शक गोष्ट संपते तिथे घड्याळ थांबवतो, फेस्टिवल शेवटचं नाव जाईपर्यंत मोजतं. हा वाद घालण्यात अर्थ नाही. ऑस्करच्या नियमातही लघुपटाची ४० मिनिटांची मर्यादा श्रेयनामावलीसह आहे.

तिसरा प्रकार म्हणजे सुरुवातीला जवळपास काहीच फरक नाही, मध्ये थोडा, शेवटी जास्त. आमच्याकडे असंच होतं. म्हातारी तरीत पाय ठेवते तो क्षण आमच्या फाइलमध्ये बरोबर ५ मिनिटांवर आहे. डीसीपीवर तो ५ मिनिटं साडेबारा सेकंदांवर आला. पूल पहिल्यांदा पूर्ण दिसतो तो १० मिनिटांवर, तिकडे १० मिनिटं २५ सेकंदांवर. वेळ दुप्पट झाली तसा फरकही दुप्पट झाला. म्हणजे कोणी काही जोडलेलं नाही. अख्खी फिल्मच जराशी हळू चालते आहे.

भावाला अजून पटेना. मी त्याला दोन्ही प्रती ऐकवल्या. तारी खाडीच्या पलीकडे कुकारो घालतो तो आवाज डीसीपीवर किंचित जड, खालच्या सुरात येत होता. त्याचं तोंड पडलं. "माका वाटला थेटरच्या स्पीकरचो दोष."

असं का होतं

आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, म्हणून ट्यूबलाइटखाली झगमग येऊ नये यासाठी बरेच जण सेकंदाला २५ फ्रेमने शूट करतात. टीव्हीचा जुना मानकही तोच. सिनेमागृहाची परंपरा मात्र २४ फ्रेमची. डीसीपी बनवणाऱ्याला कोणी काही सांगितलं नसेल, तर तो २४ धरून चालतो. अशा वेळी सर्वांत सोपी वाट म्हणजे एकही फ्रेम न टाकता, न जोडता, तेवढ्याच फ्रेम सावकाश चालवणं. चित्र छान दिसतं, धक्का बसत नाही. वेळ मात्र चार टक्क्यांहून थोडी जास्त वाढते, आणि आवाज वेगळा सांभाळला नाही तर तोही खाली उतरतो.

आमचं गणित कागदावर मांडलं. फाइल १४ मिनिटं ३० सेकंदांची, म्हणजे ८७० सेकंद. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एकूण २१,७५० फ्रेम. आता २१,७५० भागिले २४ करा. उत्तर ९०६ सेकंद आणि वर पाव, म्हणजेच १५ मिनिटं ६ सेकंद. कुठे चोरी नाही, कोणी खोटं बोललेलं नाही. फेस्टिवलचं मोजमापही बरोबर आणि आमचंही.

म्हणून मी आता मिनिटांवर विश्वास ठेवत नाही, फ्रेमच्या संख्येवर ठेवतो. मिनिटं प्रोजेक्टरनुसार बदलतात, फ्रेम तेवढ्याच राहतात. संख्या काढायला ffprobe या मोफत प्रोग्रामची ही आज्ञा मी टर्मिनलच्या काळ्या खिडकीत चालवतो:

```
ffprobe -v error -select_streams v:0 \
 -show_entries stream=r_frame_rate,avg_frame_rate,duration,nb_frames \
 -of default=nw=1 film.mp4
```

आमच्या फाइलवर आलेलं उत्तर:

```
r_frame_rate=25/1
avg_frame_rate=25/1
duration=870.000000
nb_frames=21750
```

काळ्या खिडकीची भीती वाटत असेल तर मीडियाइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर हेच सगळं साध्या यादीत दाखवतं. व्हीएलसीमध्येही फ्रेम रेट दिसतो. फक्त टाइमलाइनवर वाचलेला आकडा ईमेलात उतरवू नका. टाइमलाइनवर शेवटच्या नावानंतर चुकून राहिलेला दोन सेकंदांचा काळा तुकडा दिसत नाही, फाइलमध्ये तो असतोच. जी फाइल पाठवणार तिचीच मोजणी करा.

दुरुस्तीच्या दोन वाटा

पहिली वाट, डीसीपी २५ फ्रेमची करून घ्यायची. डीसीपीचे दोन प्रकार आहेत. इंटरॉप हा जुना, तो २४ वरच चालतो असं धरून चला. एसएमपीटीई प्रकारात २५ अधिकृतपणे बसते. तुमची डीसीपी कोणती, हे तिच्या लांबलचक नावातच असतं, शेवटाकडे `IOP` किंवा `SMPTE` लिहिलेलं दिसेल. प्रत्येक ठिकाणचा सर्व्हर २५ बिनतक्रार चालवतोच असं नाही, म्हणून आधी फेस्टिवलला विचारायचं. आम्ही विचारलं. त्यांनी २४ चीच प्रत मागितली. त्यांच्याही बाजूने बघा, एकाच सत्रात वेगवेगळ्या वेगाच्या प्रती असल्या की ऑपरेटरच्या जिवाला घोर.

दुसरी वाट, फिल्मच अशी कापायची की २४ वर चालूनही मर्यादेत राहील. पंधरा मिनिटांत २४ च्या हिशोबाने बसतात २१,६०० फ्रेम. आमच्या १५० जास्त, म्हणजे आमच्या टाइमलाइनवर फक्त सहा सेकंद. भाऊ म्हणाला, सहाच काढूया. मी आठ काढायला लावले, कारण काठावर उभं राहून कोणाशी हुज्जत घालायची नसते. गोष्टीला हात लावला नाही. आभाराच्या यादीत गावातली अर्धी वाडी होती, ती एकेका पाटीऐवजी दोन रांगांत आणली आणि आठ सेकंद निघाले. वाडीतलं एकही नाव गाळलं नाही, नाहीतर शिमग्याला मला गावात पाय ठेवू दिला नसता.

आता फ्रेम झाल्या २१,५५०. पंचवीसवर १४ मिनिटं २२ सेकंद, चोवीसवर १४ मिनिटं ५८ सेकंद. दोन्ही पंधराच्या आत.

एक गोष्ट मात्र हातातून सुटता सुटता राहिली. डीसीपीसाठी इंग्रजी सबटायटल आम्ही वेगळ्या एसआरटी फाइलमध्ये दिली होती आणि तिच्यातल्या वेळा २५ च्या प्रतीवरून घेतलेल्या. चित्र हळू झालं, सबटायटल मात्र जुन्याच वेळेला येत राहिली. दहाव्या मिनिटाला ती संवादाच्या २५ सेकंद आधी झळकतात. म्हातारी अजून वल्ह्याकडे बघतेय आणि खाली तिचं उत्तर लिहून आलेलं! मालवणी न कळणाऱ्या परीक्षकाला हे कळणारही नाही, तो फक्त गोंधळेल आणि फिल्मलाच दोष देईल. २४ ची प्रत करायची असेल तर एसआरटीच्या वेळाही त्याच प्रमाणात ताणून घ्या, म्हणजे प्रत्येक वेळेला २५ ने गुणून २४ ने भागायचं. सबटायटल एडिट नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट बदलण्याची सोय आहे. आवाजासाठी डीसीपी करणाऱ्याला स्पष्ट सांगा की लांबी वाढवा पण सूर तोच ठेवा. न सांगता तो करेलच असं धरू नका.

नवी फाइल, जुनी लिंक

फाइल बदलली की लिंकचा प्रश्न येतो. भावाने नवी फाइल ड्राइव्हवर चढवली, तिची नवी लिंक तयार झाली आणि फेस्टिवलच्या फॉर्मवर राहिली जुनी. ड्राइव्हमध्ये जुन्या फाइलवर `Manage versions` मध्ये जाऊन नवी प्रत चढवली तर लिंक तीच राहते. व्हिमिओवरही फाइल बदलता येते, पत्ता बदलत नाही. परवानगी `Anyone with the link` आहे ना, हे स्वतःच्या लॉगिनमधून बघून कळत नाही, कारण मालकाला दार उघडंच दिसतं. ब्राउझरची खासगी खिडकी उघडून तिथे लिंक टाका. तिथे चालली तर चालली.

परीक्षकांसाठीची प्रत सेकंदाला १० मेगाबिटची ठेवली तर आमच्या लांबीला साधारण १.१ जीबी होते आणि ५ मेगाबिटच्या अपलोडवर अर्ध्या तासात चढते. मूळ जड प्रत चढवायचा हट्ट धरू नका. पावसात इथली लाइट अर्ध्या तासात दोनदा जाते.

सारांश: शेवट सांगायचा की नाही

मूळ ईमेलातला "हृदयस्पर्शी" सारांश मी काढायला लावला. त्यात गोष्टच नव्हती. ते वाक्य आंब्याच्या बागेवरच्या फिल्मलाही लागलं असतं आणि दशावतारावरच्यालाही. पण मोठा गोंधळ वेगळाच आहे. बरेच जण शेवट लपवतात, कारण "मजा जाईल". मजा प्रेक्षकाची जाते. निवड करणाऱ्याला शेवट हवा असतो, गोष्ट कुठे पोचते यावरच तो ठरवतो. म्हणून दोन सारांश द्यायचे, एक पुस्तिकेत छापायला शेवटाशिवाय, दुसरा निवड समितीसाठी शेवटासह. कुठला कशासाठी ते वर लिहायचं, नाहीतर शेवटासह असलेलाच छापून येतो.

शिवाय सारांश युनिकोडमध्ये टाइप करा. बाजारातल्या डीटीपीवाल्याकडून जुन्या फाँटमध्ये करून आणलेला मजकूर ईमेलात चिकटवला की पलीकडे त्याच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. आपल्या पडद्यावर तो फाँट असल्यामुळे आपल्याला काहीच कळत नाही.

शेवटी जो ईमेल गेला तो असा:

> विषय: सुधारित प्रत: पलतडीची हाक, लघुपट, १४ मि. २२ से.
>
> सप्रेम नमस्कार,
>
> कालावधीतील तफावतीबद्दल आपले पत्र मिळाले. आमची प्रत २५ फ्रेमची होती आणि डीसीपी २४ फ्रेमने झाल्याने ती १५ मि. ६ से. झाली. मूळ ईमेलात आम्ही फ्रेम रेट कळवला नव्हता, त्याबद्दल क्षमस्व. श्रेयनामावली आठ सेकंदांनी कमी करून सुधारित प्रत पाठवत आहोत. कथेत बदल नाही.
>
> कालावधी, श्रेयनामावलीसह: लिंकवरील प्रत २५ फ्रेम, १४ मि. २२ से. डीसीपी २४ फ्रेम, १४ मि. ५८ से. एकूण फ्रेम २१,५५०.
>
> चित्र आणि ध्वनी: १९२० × १०८०, रंगीत, स्टिरिओ.
>
> भाषा: मालवणी. इंग्रजी सबटायटल लिंकवरील प्रतीत चित्रावरच आहेत. डीसीपीसाठी वेगळी फाइल, वेळा २४ फ्रेमनुसार.
>
> सारांश, पुस्तिकेसाठी: खाडीवर पूल झाला आणि तरीला गिऱ्हाईक उरलं नाही. एक म्हातारी मात्र दर आठवड्याला बाजाराला तरीनेच जाते. पुलाच्या रस्त्यात तिची हापूसची कलमं गेली, म्हणून ती पुलावर पाय ठेवत नाही. तिच्या एका फेरीसाठी तारी होडी पाण्यात ठेवतो. मक्ता संपायला आठ दिवस उरलेत.
>
> सारांश, केवळ निवड समितीसाठी: वरीलप्रमाणे. मक्त्याच्या शेवटच्या रात्री तारीच्या मुलीला ताप चढतो. ओहोटी लागलेली असते, होडी चिखलात रुतते, आणि मुलीला उचलून तो पुलावरून धावत पलीकडे जातो. म्हातारी हे दारातून बघते. सकाळी तो तिची वाट बघत तरीवर थांबतो. ती येते, पण पुलावरून चालत, मुलीसाठी पेजेचं भांडं घेऊन.
>
> लिंक: पूर्वीचीच, आज नवी प्रत चढवली आहे. फाइलचे नाव `Paltadichi_Haak_25fps_14m22s.mp4`
>
> आपला,

फाइलच्या नावात फ्रेम रेट आणि वेळ टाकण्याची सवय मला उशिरा लागली. चार महिन्यांनी "फायनल", "फायनल २" आणि "खरंच फायनल" यांतली कोणती पाठवली होती हे नाव वाचूनच कळतं. नाव इंग्रजी अक्षरांत ठेवलं, कारण देवनागरी नाव काही ठिकाणी टक्क्यांच्या चिन्हांची माळ होऊन पोचतं.

फॉर्मवर कालावधीच्या चौकटीत फक्त पूर्ण मिनिटं भरता येत असतील तर वरचा आकडा भरा, इथे १५. खाली उतरून १४ लिहिलं की सत्राच्या वेळापत्रकात तुमच्या फिल्मला तेवढीच जागा मिळते. नेमके सेकंद ईमेलात असतातच.

हा हिशोब एका ठिकाणी लागू पडत नाही. फोनवर शूट केलेली फिल्म असेल तर फोन उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग आपोआप कमीजास्त करतो. अशा फाइलवर वरची आज्ञा चालवली की `r_frame_rate` आणि `avg_frame_rate` यांचे आकडे वेगळे येतात, उदाहरणार्थ एक ३० आणि दुसरा २९.४ च्या आसपास. तिथे भागाकार करून काही निघत नाही, आणि आवाज पुढे पुढे ओठांपासून सुटत जातो. अशी फिल्म असेल तर एडिटिंगला बसण्याआधीच प्रत्येक तुकडा एका ठरावीक वेगात बदलून घ्यावा लागतो. एडिटिंग संपल्यावर कोणी ती माझ्याकडे आणली तर मी आधी चहा मागवतो, कारण सगळं पुन्हा करावं लागणार असतं. भावाने पुढची गोष्ट फोनवरच शूट करायची ठरवली आहे. मर्यादा १० मिनिटांची आहे.